दोषी ठरल्यावर शिक्षेवरचं म्हणणं कसं लिहायचं: पहिल्यांदाच गुन्हा सिद्ध झालेल्या माणसासाठी

तालुका कोर्टात हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की आता डोळे मिटून सांगू शकतो. साहेब निकाल वाचतात, आरोपी दोषी, मग विचारतात "शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?" आणि आरोपी पिंजऱ्यात हात जोडून म्हणतो "घरी म्हातारी आई आहे, लहान पोरं आहेत, दया करा साहेब." वकील उठून म्हणतो पहिलाच गुन्हा आहे, लीनियंट व्ह्यू घ्यावा. झालं. दोन मिनिटं. निकालपत्रात एक ओळ येते की आरोपीने दयेची विनंती केली, आणि पुढे अपिलात सेशन्स कोर्टाला शिक्षा कमी करायची असली तरी त्या ओळीशिवाय हाताशी काहीच नसतं.

सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये संता सिंग केसमध्येच सांगितलंय की शिक्षेवर ऐकणं म्हणजे नुसती तोंडी विनवणी ऐकणं नाही, दोन्ही बाजूंना त्यावर कागद आणि पुरावा देता येतो. पण द्यायला तो तयार तर पाहिजे ना. म्हणून खाली जे लिहितोय ते ज्युनियर वकिलांसाठी आणि ज्यांच्या घरातल्या माणसाची केस निकालावर आलीय त्यांच्यासाठी.

समजायला एक बनवलेली केस धरून चालू. कृषी सेवा केंद्रात बिलं आणि वसुली सांभाळणारा पोरगा, २०२१ मध्ये वय २४. सात महिन्यांत शेतकऱ्यांकडून उधारीचे आलेले ८४,००० रुपये दुकानात जमा केले नाहीत. गुन्हा दाखल, ११ दिवस आत, मग जामीन. चार्जशीट आयपीसी ४०८, म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात, आणि ४०९, म्हणजे सरकारी नोकर, बँकर किंवा एजंटने केलेला विश्वासघात, या दोन्ही कलमांखाली. केस चालली, त्याने गुन्हा नाकबूल केला होता, आता वय २८ आणि मॅजिस्ट्रेटने त्याला दोषी धरलंय.

## १. आधी ऑपरेटिव्ह ऑर्डर वाचा, चार्जशीट नाही

पहिली चूक इथेच होते. नोट, म्हणजे शिक्षेवरचं लेखी म्हणणं, चार्जशीटवरची कलमं बघून लिहिली जाते, निकालाच्या शेवटी येणारा प्रत्यक्ष आदेश, म्हणजे ऑपरेटिव्ह ऑर्डर, बघून नाही. आपल्या केसमध्ये कोर्टाने ४०९ मधून सोडलं आणि फक्त ४०८ सिद्ध धरलं, आणि या एका आकड्याने सगळं बदलतं. ४०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८, ज्याला आपण प्रोबेशनचा कायदा म्हणतो, त्याच्या कलम ४ खाली कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, पण ते फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला लागत नाही. ४०८ ला जास्तीत जास्त सात वर्षं, म्हणजे दार उघडं.

दुसरं बघायचं ते गुन्ह्याची तारीख. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा असेल तर आयपीसी, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, तिथे नोकराने केलेला विश्वासघात ३१६(४) मध्ये आहे. प्रोसिजरचंही तसंच, जुनी चालू ट्रायल सीआरपीसीनेच संपते, म्हणून आपल्या केसमध्ये शिक्षेवरची सुनावणी कलम २४८(२) खाली. नवीन केस असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, २७१(२). सेशन्सला हेच अनुक्रमे २३५(२) आणि २५८(२). नोटच्या मथळ्यातच चुकीचा कायदा लिहिला की साहेबांचा पुढचा मजकूर वाचायचा मूड जातो, खरं सांगतो.

तिसरं म्हणजे प्रोबेशन कुठे मिळतच नाही हे माहीत पाहिजे. लाचलुचपतीच्या कायद्यात बंद आहे, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात थोडे अपवाद सोडून बंद आहे, आणि बेदरकार ड्रायव्हिंगने मृत्यूच्या केसमध्ये दलबीर सिंग (२०००) निकालामुळे मिळवणं फार अवघड. तिथे प्रोबेशनवर पान भरण्यापेक्षा शिक्षा कमी कशी होईल त्यावर लिहा.

तपासा: आरोपी २१ च्या आत आहे का? असेल तर प्रोबेशन कायद्याचं कलम ६ लागतं, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्टाला तुरुंगात पाठवण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात. पण वय निकालाच्या दिवशीचं धरतात, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. गुन्हा १९ व्या वर्षी आणि निकाल २३ व्या वर्षी, तर कलम ६ गेलं. कलम ४ मात्र राहतं.

## २. कागद निकालाच्या आधी गोळा करा

निर्दोष सुटणारच म्हणून कोणी तयारी करत नाही आणि पक्षकाराला "दोषी ठरलास तर" हे वाक्य बोलायलाही वकील लाजतात. मी सरळ सांगतो, युक्तिवाद संपला की दुसऱ्या दिवसापासून फाईल बनवायची. सुटला तर फाईल घरी नेईल, काय बिघडतं.

आपल्या केससाठी लागलेले कागद: आधार आणि रेशन कार्ड, सातबारा (वडिलांचा दीड एकर), सध्याच्या मालकाचं पत्र की हा दोन वर्षं दूध संकलनाच्या टेम्पोवर आहे आणि पगार १४,०००, त्याच्या बँक खात्याचे उतारे, आईच्या २०२१ च्या ऑपरेशनचं बिल आणि डिस्चार्ज कार्ड, फिर्यादीला आधी परत केलेल्या ३०,००० ची पावती, आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. सरपंचाचं "सदर इसम सुस्वभावी आहे" छाप पत्र आणूच नका असं नाही, पण त्याला वजन शून्य. ज्याला गुन्हा माहीत आहे आणि तरी जो त्याला कामावर ठेवतोय त्या माणसाच्या चार ओळी जास्त बोलतात. पत्रात "याच्यावर केस चालू आहे हे मला माहीत आहे" हे वाक्य हवंच.

सावध: "एकही गुन्हा दाखल नाही" असं लिहू नका, जोपर्यंत स्वतः खात्री केली नाही. आपल्याला हवंय ते "यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषसिद्धी नाही." दोन्हीत फरक आहे. एखादी जुनी भांडणाची एनसी किंवा तडजोड झालेली केस सरकारी वकिलाच्या हातात असते आणि तो शांतपणे उठून ती वाचतो, की मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास गेला.

## ३. दोषी म्हटल्याबरोबर दोन अर्ज

निकालाच्या दिवशीच दोन अर्ज तयार पाहिजेत. एक, शिक्षेवर म्हणणं आणि कागद द्यायला पुढची तारीख मिळावी. अल्लाउद्दीन मियाँ (१९८९) मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दोषी ठरवल्यावर साधारणपणे पुढची तारीख देऊन दोन्ही बाजूंना शिक्षेवरचं साहित्य द्यायला सांगावं, तो दाखला जोडा. सगळे साहेब देतात असं नाही, काही म्हणतात दुपारी अडीचला ऐकतो, म्हणून फाईल हातात हवी. त्याच अर्जात तोपर्यंत जामीन चालू ठेवावा हेही मागा, नाहीतर माणूस त्याच दिवशी आत जाऊ शकतो.

दुसरा, प्रोबेशन कायद्याच्या कलम ४(२) खाली परिवीक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवावा. आपल्याकडे हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे, त्यामुळे बरेच लोक समजतात की ते फक्त बालगुन्हेगारांसाठी आहेत. तसं नाही.

अधिकारी घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, कामाच्या ठिकाणी जातो. इथे होणारी गडबड म्हणजे घरचे लोक. नोटमध्ये आपण लिहिलंय की आरोपीला झाल्या गोष्टीची खंत आहे आणि आई अधिकाऱ्याला सांगते माझ्या पोराने काहीच केलं नाही, मालकानेच अडकवलं. रिपोर्टमध्ये ओळ येते की कुटुंबाला गुन्ह्याचं गांभीर्य वाटत नाही. घरच्यांना बसवून समजवा, खोटं बोलायला शिकवू नका, फक्त एवढंच की आता अधिकाऱ्यापुढे केस परत लढायची नाही. रिपोर्ट कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो पण त्यातला आशय कोर्ट आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देऊ शकतं, तेव्हा उलटा रिपोर्ट आला तर ते मागा.

## ४. वैयक्तिक परिस्थिती: थोडी, खरी आणि गुन्ह्याला जोडलेली

"गरीब आहे, कुटुंबाचा एकमेव कमावता आहे" हे वाक्य प्रत्येक नोटमध्ये असतं म्हणून ते कोणीच वाचत नाही. आणि आपल्या केसमध्ये ते खोटंही होतं, थोरला भाऊ पुण्यात कंपनीत आहे हे फिर्यादीच्याच उलटतपासणीत आलं होतं. आपणच विचारलेल्या प्रश्नातून!

प्रत्येक ओळ लिहिताना विचारायचं की ही माहिती शिक्षेचं काय बदलते. दोनच प्रकारच्या ओळी कामाच्या: हे का घडलं ते समजावणाऱ्या, आणि तुरुंगात गेल्याने कोणाचं नेमकं काय तुटेल ते सांगणाऱ्या.

पैशाचंच बघा. पक्षकाराने पहिल्या ड्राफ्टसाठी सांगितलं, सगळे पैसे आईच्या ऑपरेशनला गेले. बिल होतं ४६,५०० चं. मग उरलेले ३७,५००? बाईकचे हप्ते आणि एक मोबाईल, आणि मोबाईलची पावती रेकॉर्डवर एक्झिबिट झालेली. पहिला ड्राफ्ट तसाच गेला असता तर सरकारी वकिलाला एकच वाक्य पुरलं असतं. म्हणून असं लिहायचं:

> "सन २०२१ मध्ये आरोपीच्या आईच्या शस्त्रक्रियेसाठी ४६,५०० रुपये खर्च आला (बिल सोबत). पैशाची सुरुवातीची अफरातफर या काळातली असल्याचे मा. कोर्टाच्या निष्कर्षावरून दिसते. उर्वरित रक्कम वैयक्तिक खर्चासाठी वापरली गेली असे रेकॉर्डवर आहे व त्याचे समर्थन आरोपी करत नाही. आरोपीची आई आता बरी असून तिच्या आजाराचे कारण आज शिक्षेत सवलतीसाठी पुढे केले जात नाही."

शेवटचं वाक्य लोकांना वेडेपणा वाटतो. पण ते वाचून साहेबांना कळतं की ही नोट लिहिणारा फुगवून सांगत नाही, आणि मग पुढच्या पानावर दोन वर्षांची मुलगी आणि बायकोला पगार नाही हे लिहिलं की ते पटतं.

## ५. पश्चात्ताप, आणि अपील जिवंत ठेवणं

सगळ्यात जास्त चुका इथे. पोरगा ट्रायलमध्ये म्हणाला मी केलं नाही. दोषी ठरल्यावर लगेच "माझी चूक झाली, मी पैसे घेतले" असं लिहून दिलं तर अपिलात तोच कागद समोर येतो. आणि काहीच खंत दाखवली नाही तर कोर्ट म्हणतं पश्चात्ताप नाही. मधली वाट आहे, पण शब्द तोलून वापरावे लागतात.

नोटच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: "अपिलाचा हक्क अबाधित ठेवून व मा. कोर्टाच्या निष्कर्षाचा आदर राखून हे म्हणणे सादर आहे." पुढे कबुलीऐवजी परिणामाची खंत लिहा: फिर्यादीला झालेला तोटा, ज्या शेतकऱ्यांनी उधारी भरूनही त्यांच्या नावावर बाकी दिसत राहिली त्यांना झालेला त्रास. ती शेतकऱ्यांची गोष्ट आरोपीच्या लक्षातच आली नव्हती, मी विचारल्यावर गप्प बसला. मग म्हणाला, एक आजोबा दुकानात भांडायला आले होते. ते नोटमध्ये घेतलं, त्याच्याच शब्दांत.

ज्याला अपील करायचंच नाही, त्याने सरळ कबूल करावं, त्याचं वजन जास्त असतं. पण हा निर्णय पक्षकाराचा, त्याला दोन्ही रस्ते समजावून त्याची सही घ्या. वकिलाने आपल्या मनाने कबुली लिहू नये.

आणि शब्दांपेक्षा जड असतो पैसा. ८४,००० पैकी ३०,००० आधीच दिलेले, राहिले ५४,०००. ते कोर्टात जमा करायची परवानगी मागणारा अर्ज करा, मंजूर झाला की नाझराकडे भरा, पावती नोटला जोडा. अर्जात लिहा की रक्कम प्रोबेशन कायद्याच्या कलम ५ खाली फिर्यादीला भरपाई म्हणून द्यायला हरकत नाही, अपिलाच्या निकालाच्या अधीन राहून. अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) नंतर भरपाईच्या प्रश्नावर कोर्टाने विचार करून कारणं देणं अपेक्षित आहे, तेव्हा आपणच विषय काढलेला बरा.

सावध: "हप्त्याने भरतो" म्हणत असाल तर पहिला हप्ता त्याच दिवशी भरलेला पाहिजे. आणि फिर्यादीकडे "माफ केलं असं लिहून दे" म्हणत नातेवाईक पाठवू नका, दबाव टाकल्याची तक्रार आली तर नोट फाडून टाकल्यासारखंच.

## ६. पुढे सुधारेल कशावरून

"भविष्यात असे कृत्य करणार नाही" ही हमी नाही, नुसतं वाक्य आहे. कोर्टाला बघायचं असतं की ज्या परिस्थितीत हे घडलं ती परत येणार का. आपला पोरगा रोख पैसे हाताळत होता आणि हिशोब कोणी बघत नव्हतं. आता टेम्पो चालवतो, दुधाचे पैसे थेट डेअरी आणि शेतकऱ्यांच्या खात्यात जातात, त्याच्या हातात रोख येत नाही. हे मालकाच्या पत्रात घ्या. जामिनावरच्या चार वर्षांत एकही तारीख चुकवली नाही, हे रोजनाम्यावरून दाखवा, तोंडी नको.

कलम ४ ची एक अट लोक विसरतात: आरोपीचा किंवा जामीनदाराचा ठावठिकाणा किंवा नियमित काम त्या कोर्टाच्या हद्दीत, किंवा बाँडच्या काळात आरोपी जिथे राहणार त्या ठिकाणी असायला हवं. रेशन कार्ड आणि मालकाचं पत्र यासाठीच. जामीनदाराचं नाव आणि कागद नोटमध्येच द्या.

प्रोबेशन मिळालं तर कलम १२ मुळे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, हे खरं. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी नोकरीत खातं त्या वागणुकीवर कारवाई करू शकतं. पक्षकाराला "रेकॉर्ड क्लीन होईल" असं सांगू नका.

## ७. मागणी उतरत्या क्रमाने

नोट छान आणि शेवटी "योग्य तो आदेश व्हावा", असं करू नका. कोर्टाला पायऱ्या द्या. आपल्या केसमध्ये:

1. कलम ४ खाली दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, जामीनदारासह सोडावं, हवं तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली (देखरेख ठेवली तर ती किमान एक वर्षाची असते) आणि जमा ५४,००० फिर्यादीला भरपाई.
2. ते शक्य नसेल तर कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड. ४०८ मध्ये कैद आणि दंड दोन्ही आहेत, नुसता दंड मागितला तर मागणीच चुकीची.
3. तेही नसेल तर कमीत कमी साधी कैद आणि ११ दिवसांची वजावट सीआरपीसी कलम ४२८ खाली. तारखा लिहून द्या, नाहीतर ऑर्डरमध्ये नुसतं "सेट ऑफ दिला" येतं आणि जेलवाले मोजत बसतात.

प्रोबेशनची मागणी पहिली का, तर कोर्टाला आधी ठरवायचं असतं की शिक्षा सुनवायची की बाँडवर सोडायचं. शेवटी "किंवा प्रोबेशन" असं लिहिलं तर ती विनंती नाही, आठवण वाटते. आणि कायदा कोणता ते नेमकं लिहा, महाराष्ट्रात प्रोबेशनचा १९५८ चा कायदा लागू असल्याने सीआरपीसी ३६० वर भिस्त ठेवू नका. ३६१ मात्र वापरा, प्रोबेशन देता येत असून दिलं नाही तर त्याची खास कारणं कोर्टाला लिहावी लागतात.

## ८. त्या दिवशी

नोट दोन-तीन पानं, कागद अनुक्रमणिका लावून, एक प्रत सरकारी वकिलाला आधीच. आरोपी स्वतः बोलणार असेल तर चार वाक्यं, घरी तयार केलेली, आणि त्यात फिर्यादीला किंवा पोलिसांना दोष नाही. रडणं, पाया पडणं, लहान मुलीला कोर्टात उचलून आणणं हे करू नका, साहेब रोज बघतात. नोट दिल्याची आणि तोंडी म्हणणं ऐकल्याची नोंद रोजनाम्यात आलीय का ते संध्याकाळी तपासा.

खिशात अजून एक अर्ज ठेवा, सीआरपीसी कलम ३८९(३) चा. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर अपील करायचंय असं सांगितल्यावर तेच कोर्ट त्याला जामिनावर सोडू शकतं. सेशन्सला अपिलाची मुदत ३० दिवस. जामीनदार सकाळपासून कोर्टात बसलेला हवा, सातबारा घेऊन, कारण पाच वाजता तो गावाहून निघाला म्हणून उपयोग नसतो आणि एका कागदासाठी माणूस रात्र जेलमध्ये काढतो.